सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण बँक म्हणते ‘असा व्यवहार सापडत नाही’: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवत असल्यामुळे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार भरून घेण्यासाठी माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी येते. त्यातील निम्म्याहून अधिक लोक पहिल्यांदा तक्रार नोंदवायला आलेले नसतात. त्यांनी ती घरी बसून आधीच नोंदवलेली असते आणि ती कुठेतरी अडकलेली असते. हा लेख त्या अडकलेल्या तक्रारींबद्दल आहे, आणि त्यातही यूपीआयने गेलेल्या पैशांबद्दल, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे तीच असतात.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे पोर्टलवरून पोचक्रमांक मिळालेला असतो, परंतु बँकेत चौकशी केल्यावर ‘तुम्ही दिलेल्या क्रमांकाचा व्यवहार आमच्याकडे दिसत नाही’ असे उत्तर मिळते. दुसरे लक्षण असे की, चार व्यवहारांपैकी एक-दोन व्यवहारांवरच कारवाई झालेली असते आणि उरलेल्यांचा काहीच पत्ता लागत नाही. तिसरे लक्षण अर्ज भरतानाच दिसते: घटनेचे वर्णन लिहून झाले तरी पान पुढे सरकत नाही, किंवा पुरावा जोडताना फाइल स्वीकारली जात नाही. चौथे लक्षण गाफील ठेवणारे आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, संदेश आला, आणि आता सगळे झाले असे समजून माणूस स्वस्थ बसतो, तर प्रत्यक्षात तक्रार अर्धवटच राहिलेली असते.

फसवणूक होऊन काही तासच झाले असतील, तर पुढचे सारे वाचणे बाजूला ठेवून आधी १९३० वर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवून यूपीआय व कार्ड बंद करून घ्यावे. स्क्रीनशॉट गोळा होईपर्यंत थांबू नये. फोनवर फक्त बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक यांची गरज असते. पुरावे मागाहून जोडता येतात.

व्यवहार क्रमांक इतका महत्त्वाचा का

तपासण्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढचा क्रम आपोआप कळेल. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेत तक्रार शिरली की ती प्रथम आपल्या बँकेकडे जाते. बँक व्यवहार क्रमांकावरून आपल्या नोंदी शोधते, पैसे कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यात गेले ते पाहते आणि तक्रार त्या बँकेकडे पाठवते. त्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते. ते पुढे गेले असतील तर पुढच्या व्यवहाराचा क्रमांक नोंदवून तक्रार तिसऱ्या बँकेकडे जाते. पैसे एटीएममधून निघेपर्यंत किंवा कुठे तरी अडेपर्यंत ही साखळी चालते. साखळीचे पहिले टोक म्हणजे आपण भरलेला तो क्रमांक. तो चुकला तर मागची सगळी यंत्रणा जागच्या जागी उभी राहते, आणि आपल्याला मात्र पोचक्रमांक मिळालेला असल्यामुळे काम सुरू आहे असेच वाटत राहते.

पहिली तपासणी: आपण योग्य ठिकाणीच तक्रार केली आहे ना?

यास एक मिनिट लागते आणि खर्च काहीच नाही. पोर्टलचा पत्ता `cybercrime.gov.in` असाच असायला हवा. हा पत्ता शोधयंत्रात शोधण्याऐवजी स्वतः टाइप करावा, कारण ‘सायबर तक्रार’ असे शोधल्यावर दिसणाऱ्या काही पानांवर आणि क्रमांकांवर बसलेली माणसे दुसऱ्या फसवणुकीची तयारी करूनच बसलेली असतात. तक्रार नोंदवायला शुल्क नसते. ‘तुमचे पैसे अडवले आहेत, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो पोलिसांचाही नाही आणि बँकेचाही नाही.

१९३० वर फोन केला असेल, तर आलेला संदेश याच वेळी पुन्हा उघडून पाहावा. फोनवरची नोंद ही सुरुवात असते. त्यानंतर चोवीस तासांच्या आत पोर्टलवर जाऊन तपशील आणि पुरावे भरून तक्रार पूर्ण करायची असते. वर सांगितलेले चौथे लक्षण बहुतेक वेळा येथेच उलगडते.

दुसरी तपासणी: तो क्रमांक खरोखर बँकेचा आहे का?

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात प्रकरणे येथेच सुटतात, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये एका व्यवहाराला किमान दोन क्रमांक असतात. एक ॲपचा स्वतःचा असतो. फोनपेमध्ये तो `T` या अक्षराने सुरू होतो, आणि गूगल पेमध्ये `Google transaction ID` या नावाखाली अक्षरे व अंक मिसळलेला असतो. दुसरा क्रमांक बँकांच्या आपसातल्या व्यवहाराचा असतो. तो १२ अंकी असून त्यात एकही अक्षर नसते. फोनपेमध्ये तो `UTR` म्हणून आणि गूगल पेमध्ये `UPI transaction ID` म्हणून दिसतो. बँकेला हा १२ अंकी क्रमांकच ओळखता येतो. ॲपचा क्रमांक दिसायला मोठा आणि ठसठशीत असल्यामुळे लोक नेमका तोच उतरवून घेतात.

ॲपवर विसंबून न राहता खात्याचे विवरणपत्र उघडावे आणि त्या व्यवहाराच्या ओळीत `UPI` या अक्षरांच्या पुढे असलेले १२ अंक तेथून घ्यावेत. हाताने उतरवू नयेत, शक्य असेल तेथे कॉपी करावेत. कागदावर लिहिलेला आठ आणि तीन, एक आणि सात यांत किती जण फसतात हे मी पाहिले आहे.

आकडा बरोबर आहे का याची एक सोपी पारख आहे. यूपीआयच्या १२ अंकी क्रमांकात बहुधा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक हा त्या वर्षातला कितवा दिवस आहे ते सांगतात. १४ ऑगस्ट २०२४ हा त्या लीप वर्षातील २२७वा दिवस होता. म्हणून त्या दिवशीचा क्रमांक पुढीलप्रमाणे दिसेल (शेवटचे आठ अंक मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत):

```
422718063517
```

सुरुवातीचे चार अंक आणि व्यवहाराची तारीख जुळत नसेल, तर विवरणपत्र पुन्हा पाहावे. बहुतेक वेळा शेजारच्या ओळीतला दुसऱ्याच व्यवहाराचा आकडा उचललेला असतो.

पैसे यूपीआयने न जाता एनईएफटीने गेले असतील तर क्रमांक १६ अक्षर-अंकांचा, आणि आरटीजीएसने गेले असतील तर २२ अक्षर-अंकांचा असतो. तेथे अक्षरे असणे योग्यच आहे; ती गाळून केवळ अंक भरू नयेत.

याच वेळी व्यवहार खरोखर पूर्ण झाला होता का, हेही विवरणपत्रात पाहून घ्यावे. खात्यातून रक्कम वजा झाली पण समोरच्याला पोहोचलीच नाही, असे दोन व्यक्तींमधल्या यूपीआय व्यवहारात झाले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवी. असा परत आलेला व्यवहार तक्रारीत घातला की एकूण रक्कम जुळत नाही आणि उगाच प्रश्न वाढतात.

तिसरी तपासणी: बँकेचे नाव आणि व्यवहारांची संख्या

क्रमांक बरोबर असूनही व्यवहार सापडत नसेल, तर बँकेचे नाव पाहावे. यूपीआय आयडीच्या शेवटी `@ybl`, `@oksbi`, `@okaxis` अशी शेपटी असते. ती ॲपने ज्या बँकेशी करार केला आहे तिची खूण असते, खाते कुठे आहे त्याची नव्हे. जिल्हा सहकारी बँकेत खाते असलेल्या माणसाचा आयडीही `@ybl` असू शकतो. अर्जात बँकेचे नाव म्हणजे ज्या खात्यातून पैसे गेले ती आपली बँक. शेपटी पाहून दुसऱ्याच बँकेचे नाव निवडले, तर आपली तक्रार अशा बँकेकडे जाते जिच्याकडे आपले खातेच नाही, आणि ती प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे नाही’ असे कळवते.

प्रत्येक व्यवहाराची नोंद स्वतंत्र करावी लागते. एकूण रक्कम एकत्र लिहून त्यापुढे एकच क्रमांक टाकला, तर बँकेला त्या क्रमांकावर वेगळीच रक्कम दिसते आणि बाकीचे व्यवहार तर दिसतच नाहीत. सुरुवातीला ‘चाचणी’ म्हणून गेलेला एक-दोन रुपयांचा व्यवहारही सोडू नये. त्यातून अनेकदा भामट्याचे आणखी एक खाते उघड होते.

चौथी तपासणी: वर्णन पुढे का सरकत नाही

पोर्टलला घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे लागते, आणि त्यात `# $ @ ^ * ~ | !` यांसारखी चिन्हे व अवतरणचिन्हे चालत नाहीत. गंमत अशी की यूपीआय आयडी आणि ईमेल, दोन्हींत `@` असतेच. म्हणून माणूस जितके सविस्तर आणि प्रामाणिक वर्णन लिहितो, तितका तो अडकतो. आयडी, मोबाइल क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता हे सर्व संशयिताच्या माहितीसाठी असलेल्या रकान्यांत भरावे आणि वर्णनात साधी वाक्ये ठेवावीत. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणातले वर्णन थोडे बदलून देतो:

> दिनांक १४ ऑगस्ट २०२४ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास जुना सोफा विकत घेण्याच्या बहाण्याने एका अनोळखी व्यक्तीने मला फोन केला. पैसे जमा होण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका असे सांगितले. मी तसे केल्यावर माझ्या खात्यातून तीन व्यवहारांत एकूण २८५०५ रुपये वजा झाले. व्यवहारांचा तपशील स्वतंत्र भरला आहे.

यात केव्हा, कोणी, काय सांगून, किती वेळा आणि किती, एवढेच आहे. राग, शाप आणि बँकेवरचे आरोप या रकान्यात लिहून काही साधत नाही. शिवाय आपण स्वतः पिन टाकला असेल तर तो टाकला असेच लिहावे. ‘आपोआप पैसे गेले’ असे लिहिले आणि बँकेच्या नोंदीत पिन टाकल्याचे दिसले, तर पुढचे सगळे म्हणणेच संशयास्पद ठरते.

पाचवी तपासणी: स्क्रीनशॉट आणि फाइली

ओळखपत्राची प्रत छायाचित्र स्वरूपात आणि ५ एमबीच्या आत, तर प्रत्येक पुरावा १० एमबीच्या आत असावा लागतो. फाइल स्वीकारली जात नसेल तर आधी आकार आणि मग प्रकार पाहावा. तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: बँकेकडून ईमेलवर आलेले विवरणपत्र पासवर्डने बंद केलेले असते. ते जसेच्या तसे जोडले, तर ते जोडले जाईलही, पण पलीकडच्या अधिकाऱ्याला उघडणार नाही. म्हणून ते पासवर्ड टाकून उघडावे, छापण्याच्या पर्यायातून नवी पीडीएफ म्हणून जतन करावे आणि ती नवी फाइल जोडावी.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत मी तीनच गोष्टी पाहतो. पहिली, हिरवी खूण असलेले यशाचे पान पुरेसे नसते. त्या व्यवहाराचे तपशीलवार पान उघडून त्यात १२ अंकी क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि समोरच्याचा आयडी एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. दुसरी, चित्र कापू नये आणि त्यावर लाल वर्तुळे काढू नयेत. वरच्या पट्टीतील वेळ आपल्याला निरुपयोगी वाटते, पण घटनाक्रम लावताना तीच उपयोगी पडते. तिसरी, व्हॉट्सॲपवरील संभाषणात भामट्याचा क्रमांक आपण ‘सोफावाला’ म्हणून साठवलेला असेल, तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त ‘सोफावाला’ दिसतो. संपर्काच्या माहितीचे पान उघडून क्रमांक दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्यावा.

मूळ संभाषण, कॉलची यादी आणि बँकेचे संदेश फोनमधून पुसू नयेत. स्क्रीनशॉट ही नक्कल आहे. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर मूळ उपकरणाची गरज लागू शकते.

चूक सापडल्यावर काय करावे

येथे लोक हमखास एक चूक करतात: दुसरी नवी तक्रार भरतात, मग तिसरी. एकाच व्यवहाराच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या पोचक्रमांकांनी फिरू लागल्या की कोणती खरी धरायची हा प्रश्न पोलिसांपुढे उभा राहतो. त्याऐवजी एका कागदावर जुना पोचक्रमांक, चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा समोरासमोर लिहावा, विवरणपत्राची प्रत जोडावी आणि हा अर्ज तक्रार ज्या पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली आहे तेथे द्यावा. त्याच अर्जाची दुसरी प्रत आपल्या बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्यावी. १९३० वर फोन करून तोच पोचक्रमांक सांगितला, तर दुरुस्ती लवकर पुढे जाण्याची शक्यता वाढते.

बँकेला लेखी कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा आणि बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तो कळवला, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते. मात्र स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर हे संरक्षण मिळेल असे समजू नये. तेव्हा बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्याच माथी येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर `cms.rbi.org.in` येथे लोकपालाकडे तक्रार करता येते. लोकपाल बँकेच्या वागण्याबद्दल निर्णय देतो, भामट्याला पकडत नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेकांचे महिने वाया जातात.

एक प्रकरण पूर्ण

वरच्या सोफ्याच्या प्रकरणातील बाई निवृत्त शिक्षिका होत्या. बुधवारी संध्याकाळी नऊ मिनिटांत त्यांच्या खात्यातून ५, ९,५०० आणि १९,००० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, बँक बंद; म्हणून त्या शुक्रवारपर्यंत थांबल्या. १९३० सुट्टीच्या दिवशीही चालू असतो हे त्यांना ठाऊक नव्हते. शुक्रवारी भाच्याने पोर्टलवर तक्रार भरली. पहिल्या दोन व्यवहारांचे क्रमांक त्याने विवरणपत्रातून घेतले, आणि तिसरा ॲपमधून, `T` ने सुरू होणारा.

त्या सोमवारी माझ्याकडे आल्या तेव्हा बँकेने पहिल्या दोन व्यवहारांचा माग काढलेला होता: दोन्ही रकमा बुधवारी रात्रीच परराज्यातील एटीएममधून निघाल्या होत्या. तिसरा व्यवहार ‘सापडत नाही’ म्हणून परत आला होता. आम्ही विवरणपत्रातील १२ अंक घेऊन वर सांगितल्याप्रमाणे अर्ज केला. तो व्यवहार सापडला तेव्हा कळले की १९,००० रुपये पहिल्या खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात गेले होते, आणि ते खाते दुसऱ्याच कोणाच्या तरी तक्रारीमुळे आधीच गोठवलेले होते. त्यामुळे त्यांपैकी १२,४०० रुपये तेथे शिल्लक राहिले. हे नशीब होते, आमचे कौशल्य नव्हे. मात्र तिसरा क्रमांक तसाच चुकीचा राहिला असता, तर त्या खात्यातील पैशांवर बाईंचा काही दावा आहे हे कोणाला कळलेच नसते.

येथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे

रक्कम रोखली गेल्याचे कळले की सेवा केंद्राचे काम संपते. रोखलेली रक्कम म्हणजे परत मिळालेली रक्कम नव्हे. ती सोडवण्यासाठी सहसा पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तसा अर्ज करता येतो. एकाच गोठवलेल्या खात्यावर अनेकांचे दावे असतील, तर वकिलाशिवाय हा अर्ज करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी चौकशी करावी, कारण स्त्रियांना आणि ठरावीक उत्पन्नाखालील व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळू शकतो.

पोर्टलवरील तक्रार ही आपोआप प्रथम माहिती अहवाल होत नाही. रक्कम मोठी असेल, किंवा स्वतःच्या खात्यातून कोणाचे तरी चोरलेले पैसे फिरलेले दिसत असतील, तर थेट सायबर पोलीस ठाण्यात जावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असतो, म्हणून लहान चौकीतून ‘तालुक्याला जा’ असे सांगितले गेले तर ती दरवेळी टाळाटाळच असते असे नाही.

फोनमध्ये कोणी पाठवलेली एपीके फाइल बसवली असेल, स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप उघडले असेल, किंवा सिम अचानक बंद पडले असेल, तर त्या फोनवरून तक्रारही भरू नये. फोन विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते बंद करून घ्यावे आणि तो फोन काहीही न पुसता तपास अधिकाऱ्यापुढे ठेवावा. सेवा केंद्रात किंवा मोबाइलच्या दुकानात तो ‘साफ’ करून घेतला, तर पुरावाही त्याबरोबरच साफ होतो.

बाईंचे १२,४०० रुपये न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांच्या खात्यात जमा झाले, तक्रारीनंतर सुमारे सात महिन्यांनी. विवरणपत्रात ती ओळ दिसल्यावर त्यांनी मला तिचा स्क्रीनशॉट पाठवला. पूर्ण, न कापलेला, आणि १२ अंकी क्रमांकासह.